पाव-भाजीच्या आधीची सहा मिनिटं: लहान मुलांना हात धुवायला कसं शिकवावं

गोव्यातल्या प्राथमिक शाळांत मधल्या सुट्टीत पाव-भाजी आली की एक गोष्ट हमखास दिसते. जेवण झाल्यावर मुलं न सांगता नळाकडे पळतात आणि जेवणाआधी मात्र दहादा सांगावं लागतं. यात मुलांचा आळस नाही. जेवल्यावर बोटांना तेल लागलेलं असतं, चिकट वाटतं, हळदीचा रंग दिसतो. जेवणाआधी हात कोरडे आणि स्वच्छ दिसतात, मग सहा वर्षांच्या मुलाने धुवायचं तरी काय? जंतू दिसत नाहीत आणि जे दिसत नाही ते या वयाला नुसत्या सांगण्याने पटत नाही. पोटात मात्र जेवणाआधीच्या हातावरचंच जातं, आणि पाव तर हातात धरूनच खायचा असतो.

म्हणून पहिलीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी सुरुवात जेवणाआधीच्या या एका वेळेपासून करा. दात, नखं, केस, रुमाल, शिंक अशा दहा सवयी एकाच आठवड्यात सांगितल्या तर एकही टिकत नाही. पुढचा सगळा आराखडा एका ठरावीक शाळेसाठी मांडला आहे: २४ मुलं, दोन नळ, एक शिक्षिका आणि जेवण घेऊन येणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या ताई. तुमच्याकडे मुलं जास्त असतील तर गट वाढवा, पद्धत तीच राहते.

आधी नळाजवळची जागा

गाणं शिकवण्याआधी स्वतः नळावर हात धुऊन पाहा, तेही पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर वाकून. नळाचं तोंड मुलाच्या कोपरापेक्षा वर असेल तर हात वर करावे लागतात, पाणी मनगटावरून बाहीत उतरतं आणि गणवेश भिजतो. असं दोनदा झालं की मूल फक्त बोटांची टोकं भिजवून पळतं. उपाय सोपा आहे. नळासमोर एक चिरा आडवा पक्का बसवा म्हणजे उभं राहायला पायरी होते. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर तो दर आठवड्याला खराट्याने घासून घ्यावा लागतो. नाहीतर एक मूल घसरून पडलं की सगळी मुलं त्या नळाला टाळू लागतात.

साबणाची वडी कट्ट्यावर ठेवू नका. पावसाळी हवेत ती पाण्यात बसून लोण्यासारखी मऊ होते, मग मुलांना हात लावायला किळस येते. शिवाय कावळे वडी उचलून नेतात, हा त्रास गावाकडच्या बहुतेक शाळांना ठाऊक असतो. कांद्या-बटाट्याची नायलॉनची जाळी घ्या, वडीचे दोन तुकडे करून दोन जाळ्यांत घाला आणि प्रत्येक नळाला एकेक जाळी मुलाच्या छातीच्या उंचीवर दोरीने बांधा. जाळीवर हात चोळला की फेस लवकर येतो, वडी हातातून निसटत नाही आणि लोंबकळत असल्यामुळे वाळतेही. मोठी जाळी असेल तर जास्तीचा भाग गाठ मारून कापून टाका. मोकळी जाळी खाली लोंबली की मुलं तिच्याशी खेळत बसतात.

पाऊस-वाऱ्यात वीज गेली की पंप बंद आणि नळ कोरडा. त्यासाठी झाकणाची एक बादली रोज सकाळी भरून ठेवा. तांब्याने ओतलं तर एका मुलाला भिजवायला आणि धुवायला मिळून साधारण अर्धा लिटर पाणी पुरतं, म्हणजे २४ मुलांना १२ लिटर. पंधरा लिटरची एक बादली पुरेशी आहे. ओतायला चौथीतलं मूल उभं करा, आणि बादलीत कोणीही हात बुडवायचा नाही हा नियम कडक ठेवा. एकाने हात बुडवला की पुढच्या सगळ्यांना त्याच हाताचं पाणी मिळतं. पाणी थंड असलं तरी काही बिघडत नाही, काम साबण आणि चोळणं करतं.

गाणं: घासण्याच्या वेळेचं माप

साबण लावून किमान २० सेकंद हात चोळायचे असतात. साबणामुळे कातडीवरचा तेलकट थर सुटतो, चोळल्याने त्यातले जंतू मोकळे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. नुसत्या पाण्याने हा थर नीट सुटत नाही. पण पहिलीतल्या मुलाला २० सेकंद म्हणजे किती, हे कळत नाही, आणि आकडे मोजायला सांगितले तर ते धाडधाड वीसपर्यंत पोचतं. गाण्याचं तसं नाही. ओळ संपेपर्यंत हात चालू ठेवावा लागतो, आणि पुढे काय घासायचं ते पुढची ओळ सांगते. म्हणून गाण्यात साबणाचं कौतुक किंवा जंतूंची भीती घालण्यापेक्षा हाताच्या जागा क्रमाने घालाव्यात. या लेखासाठी रचलेलं हे एक गाणं वापरून पाहा:

तळव्यावर तळवा घासू या,
फेस पांढरा आणू या.

पालथा हात, वर हात,
डावा-उजवा दोघे साथ.

बोटांमध्ये बोटं घाल,
पुढे-मागे त्यांची चाल.

अंगठेबुवा मुठीत या,
गोल गोल फिरून घ्या.

नखं तळव्यावर खर-खर-खर,
मनगटाभोवती फेस धर.

प्रत्येक दोन ओळींना चार ते पाच सेकंद, म्हणजे पूर्ण गाणं २० ते २५ सेकंदांचं. पालथा हात आणि अंगठा यांच्यासाठी पहिल्या ओळीला उजवा, दुसऱ्या ओळीला डावा असा हात बदलायचा. नखांच्या ओळीला एका हाताची पाच बोटं जुळवून दुसऱ्या तळव्यावर खरवडायची आणि तिसऱ्या ‘खर’ला हात बदलायचा. इथेच मुलं गोंधळतात, म्हणून पहिले दोन दिवस पाण्याशिवाय, वर्गात बसूनच कोरडा सराव घ्या. शिक्षिकेने मुलांकडे तोंड करून दाखवलं तर त्यांना उजवं-डावं उलटं दिसतं. पाठ करून उभ्या राहा आणि हात डोक्याच्या वर धरून दाखवा.

मराठी शाळेत बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात. ‘मनगट’ हा शब्द एखाद्याला नवा असू शकतो. गाणं म्हणण्याआधी प्रत्येक जागेला बोट लावून नाव म्हणून घ्या, मग शब्द आणि हालचाल एकत्र बसतात.

गाण्याला एकच खोड असते, ती म्हणजे वेग. फुगडीसारखं ते रोज थोडं थोडं चढत जातं आणि दोन आठवड्यांत २२ सेकंदांचं गाणं दहा सेकंदांत संपायला लागतं. मुलांना दटावून ते थांबत नाही. एका मुलाला डब्यावर संथ ठेका धरायला बसवा आणि ठेक्यापुढे कोणी पळायचं नाही असं ठरवा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून वेळ पाहा. २० सेकंदांच्या खाली आली तर ठेका हळू करा.

हळदीचा दिवस

कोरडा सराव झाला की तिसऱ्या दिवशी, पाव-भाजी यायच्या तासभर आधी, हा प्रयोग करा. भाजीचा पिवळा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालसर होतो, हे घरोघरी पाहिलेलं असतं. हळदीतला रंग साबणाच्या क्षारामुळे बदलतो. हाच गुण इथे कामाला येतो: साबण जिथे पोचला तिथली हळद लालसर तपकिरी होते आणि जिथे पोचला नाही तिथे ती पिवळीधमक राहते.

२४ मुलांसाठी एक चमचा हळद दोन चमचे खोबरेल तेलात कालवा. प्रत्येकाच्या तळव्यावर हरभऱ्याएवढा थेंब द्या आणि दोन्ही हातांना मागून-पुढून, बोटांच्या बेचक्यांत, नखांभोवती लावायला सांगा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या हव्यात. ज्याच्या हाताला जखम, खरूज किंवा चट्टे असतील त्याला लावू नका, त्याला निरीक्षक करा. मग मुलं नेहमीसारखी हात भिजवून साबण लावतील आणि चोळतील. गाणं म्हणायचं नाही, कुठे घासायचं हेही सांगायचं नाही.

आता महत्त्वाचं: फेस हातावर असतानाच पाहायचं, धुतल्यावर नाही. धुतल्यावर लालसरपणा जातो, हळदीचा फिकट पिवळेपणा सगळीकडेच राहतो आणि फरक कळेनासा होतो. हा प्रयोग फसतो तो बहुतेक इथेच. दुसरं कारण म्हणजे बाटलीतला हँडवॉश. बऱ्याच हँडवॉशमध्ये क्षार पुरेसा नसतो, त्यामुळे रंग बदलत नाही. या दिवशी साधी साबणाची वडीच वापरा, आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हातावर करून बघा.

प्रत्येक मुलाने आधी कागदावर आपले दोन्ही हात ठेवून कडेने पेन्सिल फिरवलेली असावी, एक चित्र तळव्याच्या बाजूचं आणि एक पालथ्या बाजूचं. जिथे पिवळं राहिलं ती जागा जोडीदाराने त्या चित्रात पिवळ्या खडूने रंगवायची. चित्रं भिंतीवर लावली की वर्गाचा नकाशा तयार होतो. साधारणपणे अंगठ्याची मागची बाजू, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या सुटलेल्या दिसतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या मुलांचा उजवा हात जास्त सुटतो, कारण त्याला घासायचं काम कमी सवयीच्या डाव्या हाताकडे येतं. मग लगेच गाणं म्हणत पुन्हा धुवा. ‘अंगठेबुवा’ कशासाठी आहेत, ते आता वेगळं सांगावं लागत नाही. दोन आठवड्यांनी हाच प्रयोग गाण्यासकट करा आणि नवी चित्रं जुन्यांच्या शेजारी लावा.

नखांत हळदीचा रंग एक-दोन दिवस राहतो. आदल्या दिवशी पालकांच्या गटात तसा निरोप टाकून ठेवा.

रोजची सहा मिनिटं

नळ उघडा ठेवून प्रत्येक मूल सगळं तिथेच करत बसलं तर एका मुलाला पाऊण मिनिट लागतं. दोन नळांवर २४ मुलांना नऊ मिनिटं होतात, रांगेत ढकलाढकली होते आणि पाणी वाया जातं. तेवढ्यात भाजी निवते आणि शिक्षिका म्हणते, ‘राहू दे, बसा जेवायला.’ ही सवय बहुतेक ठिकाणी अशी वेळेपायी मोडते. म्हणून चोळण्याचं काम नळापासून दूर न्यायचं.

मुलांचे सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटात चारही इयत्तांची मुलं असू द्या म्हणजे मोठी मुलं लहानांना सांभाळतात. नळापासून चार पावलांवर खडूने किंवा रंगाने सहा गोल काढा.

सर्वात आधी चपला-बूट काढायचे. हात धुऊन झाल्यावर वर्गाच्या दारात चपलांचे पट्टे सोडले तर सगळं धुणं फुकट जातं, आणि हे रोज घडत असतं. मग पहिला गट नळाशी येतो: दोघं दोघं हात भिजवतात, जाळीवर चोळून साबण घेतात, नळ बंद करतात आणि गोलात जाऊन उभे राहतात. सहा जणांना वीसेक सेकंद लागतात. सहाही गोल भरले की ठेका सुरू होतो आणि गट गाणं म्हणत चोळतो. त्याच वेळी दुसरा गट नळाशी हात भिजवत असतो. गाणं संपलं की पहिला गट परत येऊन दोघं दोघं धुतो, साधारण दहा सेकंदांत एक जोडी. म्हणजे एका गटासाठी नळ ५० सेकंदांच्या आसपास लागतो आणि चार गटांना साडेतीन मिनिटं. येण्या-जाण्याचा गोंधळ धरून सहा मिनिटांत चोवीस मुलं पानावर बसतात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं लागतील, ती धरून चाला.

धुतल्यावर हात तीनदा नळाखालीच झटकायचे आणि स्वतःच्या रुमालाला पुसायचे. खुंटीवरचा सगळ्यांचा एकच टॉवेल नको. तो दिवसभर ओला राहतो आणि एकाच्या हातावरचं दुसऱ्याला देतो. रुमाल विसरलेल्या मुलाने हात हवेत वाळवावेत, गणवेशाला पुसू नयेत. नळ ते पान या वाटेवर ‘हात हवेत’ असा नियम ठेवा: दोन्ही हात छातीसमोर, भिंतीला नाही, मित्राला नाही, केसांना नाही. लहान मुलांना हा खेळ आवडतो आणि कोण चुकलं ते एकमेकांना लगेच दिसतं.

वेळ घंटेला बांधा. जेवणाच्या घंटेआधी सहा मिनिटं ‘हातांची घंटा’ वेगळ्या तालात वाजवा. ताईंना आधीच विनंती करा: ‘ताई, शेवटचा गट बसेपर्यंत भाजीचं झाकण उघडू नका हं.’ वास सुटला की रांग टिकत नाही.

काहींना सॅनिटायझर सोपा वाटतो. मळलेल्या किंवा तेलकट हातावर तो नीट चालत नाही, आणि काही पोटाच्या विषाणूंवर त्याचा असर कमी पडतो. लाल मातीत खेळून आलेल्या मुलाला साबण-पाणीच हवं.

विचारू नका, बघा

‘हात धुतले का?’ या प्रश्नाला २४ पैकी २४ मुलं ‘हो’ म्हणतात. त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी तीन साध्या खुणा आहेत.

पहिली म्हणजे वडी. शिक्षिका रोज शेजारी उभी असते त्या पहिल्या आठवड्यात एक वडी किती दिवस पुरते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे तीच वडी दुप्पट दिवस पुरली तर समजा की मुलं गाणं म्हणताहेत, पण साबण घेत नाहीत. ही खूण खोटं बोलत नाही, आणि त्यात कोणा एका मुलाकडे बोट दाखवावं लागत नाही.

दुसरी, लांबून मोजणं. महिन्यातून एक दिवस खिडकीतून, मुलांना कळू न देता, कागदावर दोन रकाने करून रेघा मारा: साबणाने आणि नुसत्या पाण्याने. नावं लिहू नका. पाण्याचा रकाना वाढला असेल तर आधी जाळ्या तपासा, बऱ्याचदा दोरी तुटलेली किंवा वडी संपलेली निघते.

तिसरी म्हणजे सोमवारची नखं. मुलांनी हात पालथे ठेवायचे, जोडीदाराने बघायचं. कडेला काळी रेघ दिसली तर त्याच दिवशी शाळेतल्या जुन्या ब्रशने ती काढून घ्यायची. नखं घरी रविवारी, आंघोळीनंतर मऊ असताना कापायला सांगा. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडूच्या रसाचे डाग बोटांवर राहतात, ते साबणाने जात नाहीत. डाग आणि मळ यांत गल्लत करून मुलाला बोलू नका. ‘अस्वच्छ मुलांची यादी’ फळ्यावर लिहिण्याची पद्धत तर कायमची बंद करा, कारण त्या यादीत तीच मुलं येत राहतात ज्यांच्या घरी नळ लांब आहे.

शौचालयानंतर: तिथे गाणं म्हणणारं कोणी नसतं

जेवणाची सवय महिनाभर टिकली की मगच ही दुसरी वेळ घ्या. इथे मूल एकटं असतं, शिक्षिका नाही, रांग नाही. त्यामुळे गाण्यापेक्षा वाट उपयोगी पडते. बांगलादेशातल्या दोन ग्रामीण प्राथमिक शाळांत शौचालयापासून नळापर्यंत रंगीत वाट आणि पावलं रंगवली होती आणि नळापाशी हाताचे ठसे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शौचानंतर साबणाने हात धुणारी मुलं आधी ४ टक्के होती, सहा आठवड्यांनंतर ७४ टक्के. शाळा दोनच होत्या हे लक्षात ठेवावं, पण रंगाच्या एका डब्याचं काम आहे, करून बघायला हरकत नाही. पावलं मुलांच्याच पायाच्या मापाची काढा, ऑइलपेंटने, आणि शेवटचं पाऊल थेट साबणाच्या जाळीखाली आणा. वाट अर्ध्यावर सोडली तर मूलही अर्ध्यावरूनच वळतं. पावसाआधी, मे महिन्यात रंगवलं तर रंग नीट वाळून धरतो.

सुट्टीनंतर

चतुर्थीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ठेका चुकतो, लहान मुलं साबण न घेता गोलात जातात. नाताळनंतरही तेच. प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर दोन दिवस शिक्षिकेने पुन्हा नळाशी उभं राहावं आणि पहिल्या दिवशी एक कोरडा सराव घ्यावा. तिसऱ्या दिवशी ठेका पुन्हा मुलांकडे द्या. जूनमध्ये नवी पहिली आली की हळदीचा दिवस फक्त त्यांच्यासाठी करा, आणि तळव्यावर थेंब द्यायचं काम आता दुसरीत गेलेल्या मुलांना सांगा.